फोनच्या बारक्या स्पीकरवर व्हॉइस नोट स्पष्ट ऐकू यावी म्हणून ईक्यू कसा करायचा: पूर-सूचनेचं उदाहरण घेऊन

पावसाळ्यात पंचगंगा फुगली की कोल्हापुरात प्रत्येक ग्रुपवर एकच विषय असतोय, राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटावर आलं. 39 फूट म्हणजे इशारा पातळी, 43 फूट म्हणजे धोका पातळी, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. आता नदीकाठच्या गावातला एखादा कार्यकर्ता व्हॉइस नोट टाकतो, "पाणी बेचाळीस फुटावर हाय, जनावरं हलवायला घ्या", आणि ऐकणारा गोठ्यात पत्र्याखाली उभा, वरनं पाऊस, हातात साधा फोन. त्याला नक्की काय ऐकू येतं? "...चाळीस फुटावर". बेचाळीस का त्रेचाळीस ते कळत नाही, एकोणचाळीस म्हणाला की "एकूण चाळीस" म्हणाला तेही कळत नाही. आवाज मोठा आहे, घुमतोय चांगला, पण शब्द हाताला लागत नाही.

हा लेख तेवढ्या एका गोष्टीवर आहे, ईक्यूनं म्हणजे आवाजातले जाड-बारीक पट्टे कमी-जास्त करून शब्द वर आणणं. नोट आधीच रेकॉर्ड झालेली आहे, तुमच्याकडं कॉम्प्युटर आहे, आणि ती पुढच्या शेकडो लोकांना पाठवायच्या आधी पाच-दहा मिनिटं तुमच्या हातात आहेत. मी रिक्षावरच्या अनाउन्समेंट आणि मंडळांच्या ऑडिओ क्लिप एडिट करतो, त्यातनं हे सगळं आलंय.

आधी स्पीकरचं समजून घ्या, नाहीतर ईक्यूचे नुसते बटण फिरवत बसाल. फोनच्या खालच्या बाजूला जो स्पीकर असतो त्याचा पडदा नखाएवढा, आणि खालचा बास काढायचा तर हवा ढकलावी लागते, तेवढी हवा तो ढकलूच शकत नाही. बहुतेक फोनमध्ये साधारण 400-500 हर्ट्झच्या खाली आवाज घसरत जातो, आणि 200 च्या खाली जवळजवळ काहीच नाही म्हटलं तरी चालेल. मॉडेलनुसार थोडं मागंपुढं होतं, महागडे फोन जरा बरे, पण गोष्ट तीच.

आणि पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर कुठं असतो? साधारण 85 ते 180 हर्ट्झ. बाईचा 165 ते 255 च्या आसपास. म्हणजे मूळ सूर फोनवर वाजतच नाही! तरी आपल्याला तो माणूस जाड आवाजाचा आहे हे कळतं कारण 110 च्या सुरासोबत 220, 330, 440, 550 असे त्याचे पटीतले सूर पण निघतात, वरचे फोनवर वाजतात, आणि त्यांच्यातलं अंतर बघून खालचा सूर मेंदू स्वतः भरून घेतो. त्यामुळं "फोनवर आवाज पातळ येतोय, जरा बास वाढवू" हा विचार डोक्यातनं काढून टाका. बास वाढवला तर फोनवर तो वाजणार नाहीच, उलट जागा मात्र खाणार.

ही जागा खाण्याची भानगडच सगळ्यात महत्त्वाची आहे. बोलण्यातली बरीचशी ताकद 500 हर्ट्झच्या खाली असते, आणि शब्द ओळखायला लागणारी माहिती मुख्यतः 1000 ते 4000 च्या पट्ट्यात. फाईलमध्ये आवाज किती मोठा करता येईल त्याला वर एक छत आहे, शून्य डीबी, त्याच्यावर गेलं की आवाज फाटतो. आता त्या छतापर्यंत जर तुमचा बासच पोचला असेल, जो फोन वाजवणारच नाहीये, तर व्यंजनं बिचारी खालीच राहणार. वर परत आजकालच्या बऱ्याच फोनमध्ये स्पीकर फुटू नये म्हणून आतच एक राखणदार सर्किट असतं, जास्त बास आला की ते आवाजच दाबतं. म्हणून क्रम असा: आधी जे वाजणार नाही ते काढा, मग मोकळ्या झालेल्या जागेत जे वाजणार आहे ते वर आणा. पुढचं सगळं या एका वाक्याचाच विस्तार आहे.

फाईल हातात घेणं

व्हॉट्सअ‍ॅपची व्हॉइस नोट `.opus` फाईल असते. अँड्रॉइडवर ती `Android/media/com.whatsapp/WhatsApp/Media/WhatsApp Voice Notes` या फोल्डरमध्ये सापडते, नाहीतर सरळ शेअर करून स्वतःला मेल करा. ऑडॅसिटी हे ऑडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि या कामाला पुरेसं आहे. ऑडॅसिटीनं फाईल उघडायला नकार दिला तर एफएफएमपेग लायब्ररी टाकावी लागते, किंवा आधी फाईल वेव्हमध्ये बदलून घ्या.

बोलणारा माणूस ओळखीचा असेल तर त्याला सांगा की भावा, पुढच्या वेळी फोनच्या रेकॉर्डर अ‍ॅपवर रेकॉर्ड करून फाईल पाठव. व्हॉइस नोट आधीच बारीक दाबलेली असते, तिच्यात पुढं फार खेळता येत नाही. फोन तोंडापासून वीतभर लांब आणि जरा तिरका, म्हणजे प, ब, भ म्हणताना वारा माइकवर आदळत नाही. आणि माइकच्या भोकावर अंगठा नको, हे सांगायला हास्यास्पद वाटतं पण दर पावसाळ्यात अशा नोटा येतातच.

उघडल्यावर पहिली गोष्ट, वेव्हफॉर्म बघा. वरनं-खालनं सपाट कापल्यासारखी दिसत असेल तर रेकॉर्डिंग करतानाच आवाज फाटलाय, ते ईक्यूनं दुरुस्त होत नाही, परत रेकॉर्ड करायला लावा. ठीक असेल तर `Amplify` नं सर्वात मोठं टोक साधारण उणे 6 डीबीवर आणून ठेवा, पुढं काही वाढवताना जागा लागेल.

खोटा फोन बनवून ऐकणं

कॉम्प्युटरच्या मोठ्या स्पीकरवर किंवा हेडफोनवर ऐकून केलेला ईक्यू फोनवर फसतो, ही या कामातली सगळ्यात कॉमन चूक. दर वेळी फोनवर पाठवून ऐकणं कंटाळवाणं होतं, म्हणून मी ट्रॅकची एक कॉपी करून तिच्यावर ठरवलेल्या हर्ट्झच्या खालचं कापणारा `High-Pass Filter` लावतो, 500 हर्ट्झ, रोल-ऑफ 24 डीबी. ही कॉपी म्हणजे ढोबळ फोन. त्यात जे ऐकू येत नाही ते फोनवरही येणार नाही. ही कॉपी फक्त ऐकायला, पाठवायला नाही, आणि शेवटची खात्री खऱ्या फोनवरच करायची.

आता उदाहरण

समजा पन्नासेक सेकंदाची नोट आहे. बोलणारे चाळिशीतले दादा, आवाज भारी, सूर 110 च्या आसपास. ओसरीत उभं राहून बोललेत, वर पत्रा, मागं पाऊस एकसारखा चालू. मजकूर: राजाराम बंधाऱ्यावर पाणी बेचाळीस फूट, राधानगरीचे दोन स्वयंचलित दरवाजे उघडलेत, रात्रीत पाणी वाढेल, खालच्या आळीनं सामान वर न्यावं. जशीच्या तशी फोनवर लावली तर "राजाराम" घुमतं, "बेचाळीस" मधलं बे गायब, "दरवाजे उघडलेत" मध्ये वरवर "दावाजे उगल्येत" असं काहीतरी ऐकू येतं.

पहिलं, पाऊस. `Noise Reduction` ला आवाजाचा नमुना लागतो, त्यामुळं दादा बोलायच्या आधीचा किंवा मधला सेकंदभर फक्त पावसाचा तुकडा निवडून प्रोफाइल घ्या, मग पूर्ण ट्रॅक निवडून 6 डीबी. फक्त सहा. पंधरा-वीस केलं की पाऊस जातो पण स, श, फ पण सोबत जातात आणि माणूस घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा येतो. एकसारखा पाऊस किंवा पंखा असेल तर हे जमतं, मागं माणसं बोलत असतील किंवा म्हैस हंबरत असेल तर हे टूल काही कामाचं नाही, सोडून द्या.

दुसरं, खालचं कापणं. `High-Pass Filter`, 160 हर्ट्झ, रोल-ऑफ 12 डीबी. बाईचा आवाज असेल तर 180-200 पर्यंत जा. मग फोनवर 400 च्या खाली फारसं वाजत नाही तर सरळ 400 ला का नाही कापायचं? दोन कारणं. एक, सगळेच फोनच्या स्पीकरवर ऐकत नाहीत, कुणी इअरफोन लावेल, कुणी देवळासमोर ब्लूटूथ स्पीकरवर लावून सगळ्या आळीला ऐकवेल, तिथं 400 ला कापलेला आवाज पत्र्याच्या डब्यातनं आल्यासारखा किरकिरा लागतो. दोन, 300-400 च्या पट्ट्यात स्वरांची थोडी ओळख आहे, इ आणि उ चा खालचा भाग तिथंच असतो. कापल्यावर ताबडतोब एक फरक दिसेल, वेव्हफॉर्म थोडी बारीक होते पण फोनवर आवाज कमी झाल्यासारखा वाटत नाही. तीच ती वाचलेली जागा.

तिसरं, घुमणं. इथंच ही नोट सुधारते किंवा बिघडते, म्हणून इथं वेळ द्या. ओसरी, पत्रा, फरशी यांच्यामुळं 250 ते 500 मध्ये कुठंतरी एक ढोल साठतो. तो नेमका कुठं आहे ते अंदाजानं ठरवू नका. `Filter Curve EQ` उघडा, रेषेवर क्लिक करून एक टेकडी तयार करा, 8-10 डीबी उंच, बऱ्यापैकी अरुंद, आणि ती 250 वर ठेवून `Preview` ऐका, मग 300, 350, 400, 500 असं सरकवत जा. जिथं टेकडी ठेवल्यावर आवाज एकदम असह्य घुमायला लागतो, ती जागा. आपल्या दादांच्या नोटेत ती 350 च्या आसपास निघाली असं धरू. तिथं टेकडी उलटी करा, म्हणजे खड्डा, उणे 4 डीबी, रुंदी साधारण 250 ते 500. दहा डीबीचा खड्डा करू नका, आवाजातलं मांस निघून जातं. आणि ही शोधाशोध खऱ्या ट्रॅकवर करा, खोट्या फोनवर नको, कारण तिथं 350 आधीच दाबलेलं आहे आणि ढोल ऐकूच येणार नाही.

त्याच वेळी 800 ते 1000 पण तपासा. बऱ्याच फोनचे स्पीकर साधारण याच भागात स्वतःहून गुंजतात, म्हणून नोट नाकातनं बोलल्यासारखी येते. हे मात्र खऱ्या फोनवरच कळतं. तसं वाटलं तर 900 ला उणे 2, नाहीतर हात लावायचा नाही. सगळ्यांचे फोन वेगळे, तुमच्या एका फोनचा दोष सगळ्यांच्या माथी मारायला नको.

चौथं, दाबणं म्हणजे कॉम्प्रेसर, जो जोरातले शब्द दाबून हळू शब्दांच्या जवळ आणतो. ईक्यूच्या लेखात हे कशाला असं वाटेल पण याच्याशिवाय ईक्यू अर्धाच आहे. दादा "राजाराम" जोरात म्हणतात आणि "बेचाळीस" ला दम संपलेला असतो, आकडा नेहमी वाक्याच्या शेवटी पडतो ना. रेशो 3, अटॅक 10 मिलिसेकंद, रिलीज 100 च्या आसपास, आणि थ्रेशोल्ड, म्हणजे ज्या पातळीच्या वर दाबणं सुरू होतं ती, खाली आणत जा जोपर्यंत मोठ्या शब्दांवर 4-6 डीबी दाबलं जात नाही. त्याहून जास्त केलं की दोन शब्दांच्या मधला पाऊस उसळून वर येतो, श्वासागणिक पाऊस वर-खाली होताना ऐकू आला तर समजायचं जास्त झालं. कॉम्प्रेसर कापण्याच्या नंतर आणि वाढवण्याच्या आधी लावतो मी. कारण बास तसाच ठेवून कॉम्प्रेसर लावला तर तो बासच्या धक्क्यावर दबतो आणि त्याच्याबरोबर व्यंजनंही दबतात.

पाचवं, व्यंजनं वर आणणं. आता परत `Filter Curve EQ`, 2800 हर्ट्झच्या आसपास अधिक 3 डीबी, टेकडी रुंद, 1800 पासून 4500 पर्यंत हळूहळू चढणारी आणि उतरणारी. त, ट, क, च यांचा फुटण्याचा आवाज, आणि एका अक्षरावरून दुसऱ्यावर जाताना स्वर जो वळतो ते वळण, हे बरंचसं या भागात आहे. "बे" चा मुख्य पुरावा म्हणजे घशातला बारीक हुंकार, आणि तो 300 च्या खाली असतो, तो फोनवर गेलाच. उरतं ते फक्त ब मधनं ए कडं जाणारं वळण, ते ऐकू यायचं तर हा पट्टा स्वच्छ पाहिजे. "त्रे" चा त मात्र वरच्या भागात फुटतो, त्यामुळं ईक्यूनंतर त्रेचाळीस लगेच सुधारतं, बेचाळीस तेवढं सुधारत नाही. पण त नाही ऐकू आला म्हणून ते बेचाळीसच असं धरून चालू नका.

तीनच का, सहा का नाही? एकतर माणसाचा कान स्वतःच 3000 च्या आसपास सगळ्यात तिखट असतो, आणि फोनचे स्पीकरही त्याच भागात जोरात वाजतात. दोन्हीच्या वर तुम्ही सहा घातले की आवाज कानात टोचतो आणि ऐकणारा काय करतो, व्हॉल्यूम कमी करतो. मग सगळी मेहनत पंचगंगेत. शिवाय पाऊसही याच पट्ट्यात आहे, तुम्ही 3 डीबी शब्द वाढवलात तसा 3 डीबी पाऊसही वाढवलात. ईक्यूला शब्द आणि पाऊस वेगळे दिसत नाहीत, त्याला फक्त पट्टा दिसतो.

स आणि श शिट्टीसारखे येत असतील, "फूट सामान सगळं" म्हणताना फिस्स फिस्स होत असेल, तर 6500 ला उणे 2. नसेल तर राहू द्या. 8000 च्या वर काहीही वाढवू नका, व्हॉइस नोटेत तिथं कामाचं फारसं उरलेलं नसतं, नुसता खरखराट वर येतो.

शेवटी `Loudness Normalization`, उणे 16 एलयूएफएस, हे कानाला सरासरी किती मोठं लागतं त्याचं माप, ट्रॅक मोनो. मग `Limiter` लावून टोकं उणे 1.5 डीबीवर अडवा. फोनला एकच स्पीकर असो वा दोन, बोलणं मोनोच बरं, फाईलही लहान ठेवता येते.

ज्यांना ऑडॅसिटीत टिचक्या मारत बसायचं नाही, किंवा पुराच्या रात्री दर तासाला नवी नोट येते, त्यांनी एफएफएमपेगवर हीच साखळी एका कमांडमध्ये चालवावी:

```
ffmpeg -i note.opus -af "highpass=f=160,equalizer=f=350:t=q:w=1:g=-4,acompressor=threshold=0.1:ratio=3:attack=10:release=100,equalizer=f=2800:t=q:w=0.8:g=3,equalizer=f=6500:t=q:w=1.5:g=-2,loudnorm=I=-16:TP=-1.5" -ac 1 -ar 44100 -b:a 64k note.mp3
```

यात `f` म्हणजे हर्ट्झ, `g` म्हणजे डीबी, `w` जेवढा मोठा तेवढी टेकडी अरुंद. `threshold=0.1` म्हणजे उणे 20 डीबी. 350 हा आकडा आपल्या दादांच्या ओसरीचा आहे, तुमच्या माणसाचा तुम्ही शोधा, आणि स-श टोचत नसतील तर 6500 चा तुकडा काढून टाका. नोट फारच हळू रेकॉर्ड झाली असेल तर उणे 20 पर्यंत आवाज पोचणारच नाही आणि कॉम्प्रेसर काहीच करणार नाही, तेव्हा 0.05 करून बघा. पाऊस कमी करायची पायरी यात घेतलेली नाही, ती कानानं बघूनच करायची गोष्ट आहे.

तपासणी

फाईल फोनवर घ्या. व्हॉल्यूम निम्मा. फोन टेबलावर ठेवा, दोन-तीन पावलं मागं या, आणि बाथरूमचा नळ बादलीत सोडा, पाऊस म्हणून तेवढं पुरतं. आता तुम्ही स्वतः ऐकू नका. तुम्हाला मजकूर पाठ झालाय, तुम्हाला सगळंच स्पष्ट ऐकू येणार, मेंदू रिकाम्या जागा भरतो. घरातल्या कुणाला तरी, ज्याला आकडा माहीत नाही, त्याला कागद-पेन देऊन सांगा, "काकू, काय ऐकू आलं ते तेवढं लिहा". जुनी आणि नवी दोन्ही ऐकवायची असतील तर आधी ईक्यू केलेली ऐकवा, नाहीतर पहिल्यांदा ऐकलेल्या आकड्याचा अंदाज दुसऱ्यांदा कामी येतो आणि तुम्हाला वाटतं ईक्यूनं कमाल केली.

काकूंनी काय लिहिलं त्यावरनं रोग कळतो. स्वर बरोबर पण व्यंजनं चुकली, "दावाजे" वगैरे, तर 2800 ची टेकडी अजून एखाद डीबी चढवा किंवा 350 चा खड्डा थोडा खोल करा, मी आधी खड्डा बघतो. सगळं बरोबर लिहिलं पण "कानाला लागतंय" म्हणाल्या तर टेकडी उतरवा. वाक्याची सुरुवात बरोबर आणि शेवट गायब, तर ईक्यूचा दोष नाही, कॉम्प्रेसर कमी पडलाय. आणि सगळं छान, फक्त आकडाच चुकला, तर थांबा, ते ईक्यूचं काम राहिलेलं नाही. बोलणाऱ्याला फोन लावून फक्त तेवढं वाक्य परत मागवा, आकडा फोडून: "बेचाळीस, चार-दोन, बेचाळीस फूट". दोन आणि तीन हे फोनवर सहसा एकमेकांत मिसळत नाहीत, बेचाळीस-त्रेचाळीस मिसळतात. ते वाक्य कापून जागेवर बसवा, आणि त्याच साखळीतनं काढा म्हणजे मध्येच आवाज बदलल्यासारखा वाटणार नाही.

आकड्याच्या आधी आणि नंतर अर्धा सेकंद शांतता ठेवली तर अजून बरं, नसेल तर `Silence` नको, मागच्या पावसाचाच तुकडा कॉपी करून घाला, एकदम निर्वात शांतता आली की लोकांना वाटतं नोट अडकली. बरेच लोक नोट दीडपट वेगानं ऐकतात, त्यांनाही हा श्वास उपयोगी पडतो.

पाठवताना ही फाईल व्हॉइस नोट म्हणून जाणार नाही, ऑडिओ फाईल म्हणून जाईल, चालतंय. डॉक्युमेंट म्हणून अटॅच केली की जशी आहे तशी पोचते. 64 केबीपीएसला एक मिनिट म्हणजे साधारण 480 केबी, पुराच्या रात्री टॉवर निम्मे बंद असतात तेव्हा हेही जड वाटलं तर `-b:a 48k` करा, बोलण्याला फारसा फरक पडत नाही. फोन दुसऱ्या फोनच्या स्पीकरला लावून नोट परत रेकॉर्ड करून पाठवणारे पण असतात, त्यांना हात जोडून थांबवा, कारण मग आवाज दोनदा बारक्या स्पीकर-माइकमधनं जातो आणि खोलीचा घुमारा परत वर चढतो. आणि फाईलच्या नावात तारीख-वेळ घाला, `panchganga_25july_2130.mp3` असं काहीतरी, सकाळी सहा वाजता फॉरवर्ड होऊन आलेली रात्री साडेनऊची नोट कितीही स्पष्ट असली तरी आकडा जुना असतो.